एजीएमची नोटीस आली, आता त्यात बघायचं काय? (आणि प्रॉक्सीचा फॉर्म भरायचा कसा)

ऑगस्ट संपत आला की ज्यांच्या डिमॅटमध्ये चार-दोन कंपन्यांचे शेअर्स आहेत त्यांच्या मेलबॉक्समध्ये एक पीडीएफ येऊन पडते, दीडशे-दोनशे पानांची, आणि नव्वद टक्के लोक ती न उघडताच डिलीट करतात. ती असते वार्षिक अहवाल आणि त्याच्यासोबतची सर्वसाधारण सभेची नोटीस. अहवाल वाचायचा की नाही हे तुमच्यावर, पण नोटीस म्हणजे फारतर दहा-पंधरा पानं, आणि त्यात तुम्हाला विचारलेलं असतं की कंपनी हे हे करणार आहे, तुमचं हो की नाही. तर ती कशी वाचायची आणि स्वतः जाता येणार नसेल तर आपल्या जागी दुसऱ्याला, म्हणजे प्रॉक्सीला, कसं पाठवायचं, एवढंच आज बघू. सगळं कंपनी कायदा २०१३ नुसार, आणि मुख्यतः लिस्टेड कंपन्यांबद्दल.

उदाहरण धरल्याशिवाय हे डोक्यात शिरत नाही. समजा पुण्यात रजिस्टर्ड ऑफिस असलेली एक लिस्टेड कंपनी आहे, सभा शुक्रवार १९ सप्टेंबर २०२५ ला सकाळी ११ वाजता, पुण्यातल्याच एका सभागृहात. आणि समजा तुमची आत्या साताऱ्याला राहते, तिच्याकडे ४०० शेअर्स आहेत, गुडघे दुखतात म्हणून येणार नाही, आणि तुम्ही कोथरूडला. म्हणजे जाणार तुम्ही.

आधी तारखेचं बघू, कारण नोटिशीतल्या तारखांना हिशोब असतो. आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपलं की सहा महिन्यांत एजीएम घ्यावी लागते, म्हणून सगळ्यांची गर्दी ऑगस्ट-सप्टेंबरात. आणि नोटीस सभेच्या आधी पूर्ण २१ दिवस द्यायची. 'पूर्ण' म्हणजे नोटीस पाठवली तो दिवस धरायचा नाही आणि सभेचा दिवसही धरायचा नाही. आपल्या उदाहरणात १८ सप्टेंबरपासून मागे मोजत गेलं तर एकविसावा दिवस येतो २९ ऑगस्ट, म्हणजे ईमेल उशिरात उशिरा २८ ऑगस्टला सुटायला हवी. पोस्टाने पाठवत असतील तर अजून दोन दिवस मागे, कारण पत्र टाकल्यावर ४८ तासांनी पोचलं असं कायदा धरतो, म्हणजे २६ ऑगस्ट, आणि २७ ला गणेश चतुर्थी, त्यामुळे त्या आठवड्यात कंपनी सेक्रेटरीच्या ऑफिसात काय धावपळ झाली असेल ते विचारू नका! याहून कमी मुदतीत एजीएम घ्यायची तर ९५ टक्के सभासदांची लेखी किंवा ईमेलने संमती लागते, जी चार भावांच्या प्रायव्हेट कंपनीत सहज मिळते पण हजारो शेअरहोल्डर असलेल्या कंपनीत जवळपास अशक्य. एखाद्याला चुकून नोटीस गेलीच नाही तर सभा मात्र रद्द होत नाही, त्यामुळे 'मला मेल आली नाही' यावर भांडण्यात फार दम नाही, आपला ईमेल आयडी डिमॅटमध्ये बरोबर आहे ना ते आधी तपासा.

जागेबद्दल नियम साधा आहे. एजीएम रजिस्टर्ड ऑफिसमध्ये किंवा त्याच शहरात, गावात दुसरीकडे, सकाळी ९ ते संध्याकाळी ६ च्या मध्ये सुरू व्हायला हवी, आणि राष्ट्रीय सुट्टीला नाही. म्हणजे पुण्याच्या कंपनीने 'आमची एजीएम गोव्याच्या रिसॉर्टवर' असं करायचं नाही. नोटिशीच्या शेवटी हॉलचा नकाशा आणि जवळची ठळक खूण छापलेली असते तीही हौसेने नाही, कंपनी सेक्रेटरींच्या सभांसाठीच्या स्टँडर्डमध्येच ते सांगितलंय. आणि त्याच स्टँडर्डमध्ये अजून एक मजेशीर गोष्ट आहे, सभेत भेटवस्तू, कूपन किंवा त्याबदली रोख वाटायचं नाही. मुंबईत एजीएमच्या खाऊच्या डब्यासाठी येणाऱ्या काकांचे किस्से जुने गुंतवणूकदार सांगतात, त्या पार्श्वभूमीवर हे वाचलं की हसू येतं.

पण जागेच्या रकान्यात सगळ्यात महत्त्वाचं काय बघायचं तर सभा हॉलमध्ये आहे की व्हिडिओवर. २०२० मध्ये कोविडमुळे सरकारने व्हिडिओ कॉन्फरन्सिंगने एजीएम घ्यायची सवलत दिली आणि ती पुढे वाढत राहिली, म्हणून आज अनेक मोठ्या कंपन्यांच्या नोटिशीत हॉलचं नावच नसतं, फक्त लिंक आणि लॉगिनची माहिती. अशा सभेला प्रॉक्सी नेमता येत नाही, कारण सभासद घरून स्वतःच बसू शकतो, आणि तसं नोटिशीत स्पष्ट लिहिलेलं असतं की प्रॉक्सी फॉर्म आणि हजेरी पावती जोडलेली नाही. तेव्हा फॉर्म शोधत बसण्याआधी पहिलं पान बघा. आपल्या उदाहरणात हॉल आहे, म्हणून प्रॉक्सी आहे.

आता विषयपत्रिका. ती दोन भागात असते, नेहमीचं कामकाज आणि विशेष कामकाज. नेहमीच्यात चारच गोष्टी बसतात: हिशेब आणि संचालक-ऑडिटर यांचे अहवाल मंजूर करणं, लाभांश जाहीर करणं, निवृत्त होणाऱ्या संचालकांच्या जागी नेमणूक, आणि ऑडिटरची नेमणूक व त्यांचा मोबदला. या चारांच्या बाहेरचं काहीही आलं की ते विशेष. लाभांशाबद्दल एक सांगतो, लोकांना वाटतं सभेत उभं राहून '८ रुपये काय देताय, १० द्या' म्हटलं की वाढेल, तसं होत नाही, बहुतेक कंपन्यांच्या नियमावलीत बोर्डाने सुचवला त्यापेक्षा जास्त लाभांश सभा जाहीर करू शकत नाही असंच लिहिलेलं असतं. कमी करता येतो, पण ते कोण करणार!

संचालकांचं पण बघण्यासारखं आहे. पब्लिक कंपनीत साधारणपणे दोन तृतीयांश संचालक पाळीपाळीने निवृत्त होणारे असतात आणि त्यातले एक तृतीयांश दर एजीएमला खाली उतरतात, जे सगळ्यात जास्त काळ बसलेत ते आधी, आणि पात्र असल्याने पुन्हा उभे राहतात. म्हणून दरवर्षी तीच तीच नावं 'निवृत्त होत आहेत व पुनर्नियुक्तीसाठी पात्र आहेत' अशी येतात, कोणी खरंच घरी चाललेलं नसतं. (हे स्वतंत्र संचालकांना लागू नाही, त्यांची टर्म वेगळी.) ऑडिटरची नेमणूक पाच वर्षांची असते, म्हणून तो विषय दरवर्षी नोटिशीत नसला तरी दचकू नका.

विशेष कामकाजातल्या प्रत्येक विषयासोबत खुलासा जोडावाच लागतो, आणि खरं सांगायचं तर नोटिशीत वाचण्यासारखं हेच. समजा सहाव्या नंबरचा विषय आहे प्रवर्तकांच्या दुसऱ्या एका कंपनीबरोबरचा मोठा व्यवहार, तर खुलाशात लिहायला लागतं की व्यवहार काय, किती रकमेचा, का करतोय आणि कोणत्या संचालकाचा किंवा त्याच्या नातेवाइकाचा यात हितसंबंध आहे. ठरावाचं वाक्य भल्यामोठ्या कायदेशीर भाषेत असतं, ते सोडून द्या, खुलासा वाचा. 'वरील संचालक सोडून इतर कोणाचाही हितसंबंध नाही' या ओळीच्या आधी कोणाची नावं आहेत तिथे बोट ठेवा.

प्रत्येक ठरावापुढे साधारण किंवा विशेष असं लिहिलेलं असतं, आणि हा विशेष वेगळा, आधीच्या 'विशेष कामकाजा'शी याचा संबंध नाही, इथे लोकांचा हमखास घोळ होतो. साधारण ठरावाला बाजूची मतं विरोधापेक्षा जास्त असली की पुरे. विशेष ठरावाला बाजूची मतं विरोधाच्या निदान तिप्पट लागतात. म्हणजे १०० मतं पडली तर ७५ हवीत. जे मत देतच नाहीत ते कुठेच धरले जात नाहीत. म्हणून विशेष ठरावात छोट्या शेअरहोल्डरच्या विरोधाला थोडीफार धार असते, कारण पडलेल्या मतांपैकी पाव भागाच्या वर विरोध गेला की ठराव आपटला. स्वतंत्र संचालकाची दुसरी टर्म वगैरे विषय यात येतात.

आणि जे नोटिशीत नाही ते सभेत मंजूर होत नाही. हे मुद्दाम सांगतोय कारण आपल्या सोसायटीच्या सभेची नोटीस आपण वर्षानुवर्षं वाचलेली असते आणि तिच्या शेवटी ठरलेलं वाक्य असतं, 'मा. अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळचे विषय'. कंपनीच्या सभेत असा दरवाजा नाही. तसंच उलटंही आहे, कंपनीत प्रॉक्सी चालते म्हणून सोसायटीत चालेल असं समजू नका, महाराष्ट्राच्या सहकार कायद्यात कलम २७ सांगतं की मत स्वतः द्यायचं, प्रॉक्सीने नाही.

बरं, आता प्रॉक्सी. नोटिशीच्या टिपांमध्ये ठळक अक्षरात एक वाक्य असतं, की सभेला हजर राहून मत द्यायचा हक्क असलेल्या सभासदाला आपल्या जागी प्रॉक्सी नेमता येतो आणि तो प्रॉक्सी स्वतः सभासद असायची गरज नाही. हे वाक्य ठळक असणं कायद्यानेच बंधनकारक. म्हणजे तुमच्याकडे त्या कंपनीचा एकही शेअर नसला तरी आत्या तुम्हाला पाठवू शकते.

फॉर्मचं नाव एमजीटी-११, एक-दीड पानाचा असतो आणि नोटिशीच्या शेवटी जोडलेला. वर कंपनीचं नाव पत्ता छापलेलाच असतो. आत्याने भरायचं ते तिचं नाव, पत्ता, ईमेल, आणि डीपी आयडी-क्लायंट आयडी (कागदी शेअर असतील तर फोलिओ नंबर), शेअर्स किती. मग खाली तीन जणांसाठी जागा असते, पहिला, तो नसेल तर दुसरा, तो नसेल तर तिसरा. तीन जण एकदम जातात असं नाही, एकच जाणार, बाकी राखीव. प्रत्येकाची सही घ्यायची. त्यानंतर सभेची तारीख वेळ जागा आणि ठरावांची यादी, लिस्टेड कंपन्या तिथे प्रत्येक ठरावासमोर बाजूने की विरोधात असे रकाने देतात. आत्याने तिथे खूण केली तर तुम्ही तसं मत द्यायचं, रिकामं ठेवलं तर तुम्हाला योग्य वाटेल तसं. माझं मत विचाराल तर आत्याला खूण करायला लावा, नंतर दिवाळीला भेटल्यावर 'तू कशाला हो म्हणालास' हे ऐकायला नको.

शेवटी रेव्हेन्यू स्टँपची चौकोनी जागा. साधारणपणे एक रुपयाचा तिकीट लागतो, तो चिकटवायचा आणि आत्याने सही अशी करायची की ती तिकिटावरून गेली पाहिजे. तिकीट नसेल, कमी असेल किंवा त्यावर सही मारून तो रद्द केलेला नसेल तर फॉर्म बाद. तारीख घातली नाही तरी बाद, प्रॉक्सीचं नाव मोकळं ठेवलं तरी बाद. या चार-पाच बारीक गोष्टींवरच फॉर्म पडतात, कायद्याच्या मोठ्या मुद्द्यावर क्वचितच. आत्याचा शेअर काकांच्या नावाने जॉइंट असेल तर कोणाची सही लागेल ते नोटिशीच्या टिपांत बघा, बऱ्याच ठिकाणी सगळ्यांची नावं लिहून एकाची सही चालते, पण दोघंही सभेला गेले तर मत ज्याचं नाव आधी आहे त्याचं धरतात.

मुदत हा सगळ्यात कडक भाग. फॉर्म सभेच्या निदान ४८ तास आधी कंपनीकडे जमा व्हायला हवा. दिवसांत नाही, तासांत मोजा. आपली सभा शुक्रवारी ११ वाजता, म्हणजे बुधवार १७ सप्टेंबर सकाळी ११ पर्यंत. बुधवारी दुपारी जेवून आरामात गेलात तर उशीर झाला. आणि जमा व्हायला हवा म्हणजे पोचायला हवा, साताऱ्याहून कुरियर कधी सुटलं याला अर्थ नाही, त्यामुळे आत्याने सोमवारी टाकलेलं कुरियर मंगळवारी येईल की बुधवारी दुपारी यावर मदार ठेवू नका, आदल्या रविवारी जाऊन सही घेऊन या आणि मंगळवारी स्वतः नेऊन द्या, पोच घ्या. सभा सोमवारी असेल तर ४८ तास शनिवारी संपतात, आणि शेवटचा दिवस सुट्टीचा असला तरी फॉर्म घ्यायला हवा असं त्या स्टँडर्डमध्ये आहे, पण प्रत्यक्षात गेटवर वॉचमन सोडून कोणी नसतं, तेव्हा एक दिवस आधीच उरकलेलं बरं. उलट कंपनीने नोटिशीत 'चार दिवस आधी द्या' असं छापलं तर ते चालत नाही, ४८ तासच धरले जातात. पत्ताही नीट बघा, फॉर्म रजिस्टर्ड ऑफिसला द्यायचा असतो, फॅक्टरीला नाही आणि रजिस्ट्रारकडेही नाही, नोटिशीत तसं सांगितलं असेल तर गोष्ट वेगळी.

एक माणूस किती जणांचा प्रॉक्सी होऊ शकतो? पन्नासपर्यंत, आणि त्या सगळ्यांचे मिळून शेअर्स मतदानाच्या भांडवलाच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नकोत. ज्याच्या एकट्याकडेच १० टक्क्यांहून जास्त आहेत तो एकाला प्रॉक्सी नेमू शकतो, पण मग त्या माणसाने दुसऱ्या कोणाचं प्रॉक्सीपद घ्यायचं नाही. आणि आत्याने तुम्हाला फॉर्म दिला आणि रागावून चुलत भावालाही दिला, तर ज्यावर नंतरची तारीख आहे तो चालतो. दोन्हीवर एकच तारीख असून वेळ लिहिलेली नसेल तर दोन्ही बाद.

सभागृहात तुम्ही ओळखपत्र घेऊन गेलात, आत बसलात. आता तुम्ही काय करू शकता? बोलू शकत नाही. प्रॉक्सीला बोलायचा हक्कच नाही, तुम्हाला चेअरमनला कितीही तिखट प्रश्न विचारावासा वाटला तरी. आत्याला काही विचारायचं असेल तर नोटिशीत दिलेल्या ईमेलवर तिने आधीच पाठवावं. कोरममध्येही तुम्ही धरले जात नाही, पाच हजारांहून जास्त सभासद असलेल्या पब्लिक कंपनीत ३० सभासद स्वतः हजर लागतात, तिथे २९ सभासद आणि दोनशे प्रॉक्सी असले तरी अर्धा तास थांबून सभा पुढच्या आठवड्यावर जाते. (तुमचा फॉर्म त्या पुढच्या सभेलाही चालतो, नवा नको.) आणि हात वर करून मतदान झालं तर तुमचा हात मोजत नाहीत. तुमचं मत चालतं ते फक्त पोलमध्ये, म्हणजे एक शेअर एक मत अशा मोजणीत. लिस्टेड कंपनीत हात वर करायचा प्रकारच नसतो त्यामुळे तिथे अडत नाही, तुम्हाला मतपत्रिका किंवा टॅब मिळतो आणि आत्याची ४०० मतं पडतात. पण गावाकडच्या छोट्या अनलिस्टेड कंपनीत, ज्यात ४०-५० जण भागधारक आहेत, तिथे प्रॉक्सी घेऊन गेलेला माणूस अख्खी सभा नुसता बघत बसू शकतो. तिथे पोल मागावा लागतो, आणि मागायला एक दशांश मतं किंवा ५ लाख रुपये भरणा झालेले शेअर्स पाठीशी हवेत. चांगली गोष्ट एवढीच की ही मागणी करताना प्रॉक्सीकडची मतं धरली जातात.

हे सगळं वाचून वाटेल की एवढा खटाटोप कशाला, आणि बरोबर आहे, कारण लिस्टेड कंपनीत ई-व्होटिंग असतंच. आपल्या उदाहरणात कट-ऑफ तारीख १२ सप्टेंबर (सभेच्या सात दिवसांपेक्षा आधीची ठेवता येत नाही), त्या दिवशी ज्याच्या नावावर शेअर्स त्यालाच मत, १५ ला विकत घेतलेल्याला नाही. लाभांश कोणाला मिळणार त्याची तारीख वेगळी असू शकते, ती नोटिशीत वेगळी बघा. मतदान निदान तीन दिवस चालू ठेवावं लागतं आणि सभेच्या आदल्या दिवशी संध्याकाळी ५ ला बंद, म्हणजे समजा मंगळवार १६ ते गुरुवार १८. आता दोन तारखा शेजारी ठेवून बघा: प्रॉक्सीची मुदत बुधवारी सकाळी ११ ला संपली, आणि ई-व्होटिंग गुरुवारी ५ पर्यंत चालू. म्हणजे फॉर्म चुकला तरी आत्याचं मत अजून हातात आहे, तिला फोनवर ओटीपी सांगत बसवा आणि उरका. फक्त एकदा मत टाकलं की बदलत नाही, आणि तिने ऑनलाइन मत दिलं असेल तर तुम्ही हॉलमध्ये जाऊन पुन्हा देऊ शकत नाही. तसंच आत्याच गुडघे विसरून शुक्रवारी हॉलमध्ये हजर झाली आणि तिने स्वतः मत दिलं, तर तुमचं प्रॉक्सीपद तिथेच संपलं.

मग प्रॉक्सी खरी कोणाच्या कामाची? ज्यांना ऑनलाइन जमत नाही त्यांच्या, अनलिस्टेड कंपन्यांत अडकलेल्यांच्या, आणि जिथे भांडण आहे तिथे. कुटुंबाच्या कंपनीत दोन गट पडलेत आणि समोरचे लोक कुठून कुठून फॉर्म गोळा करून आणतायत असं वाटत असेल तर ते फॉर्म बघता येतात. सभेच्या २४ तास आधीपासून सभा संपेपर्यंत, कामकाजाच्या वेळेत, मतदानाचा हक्क असलेला कोणताही सभासद जमा झालेले सगळे प्रॉक्सी तपासू शकतो, अट एवढीच की तसं निदान तीन दिवस आधी कंपनीला लेखी कळवायचं. १९ तारखेच्या सभेसाठी ते पत्र १५ लाच देऊन ठेवलेलं बरं, आणि बघायला जाताना तिकिटावरच्या सह्या आणि तारखा आधी बघा.